चार एकरांत किती प्लॉट बसतात?

दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की वर्तमानपत्रासोबत एक चकचकीत घडीपत्रक घरात येऊन पडतं. काळाभोर रस्ता, दुतर्फा झाडं, दिव्याचे खांब, हिरवळीवर खेळणारी मुलं. मजकूर बहुतेक ठरलेला असतो: ‘हायवे टच एनए प्लॉट, प्रशस्त अंतर्गत रस्ते, गार्डन, ड्रेनेज लाइन, स्वतंत्र सातबारा, बँक लोन उपलब्ध. मोजकेच प्लॉट शिल्लक.’ वाचणारा पहिल्यांदा भाव बघतो, मग शहरापासूनचं अंतर आणि मग फोन लावतो. बाकीच्या ओळी सगळ्याच पत्रकांत असतात, म्हणून त्या कुणी वाचत नाही.

खरं तर लेआउटच्या माहितीपत्रकात वाचण्यासारखं जे काही असतं ते त्याच ओळींत. रस्ते, मोकळी जागा, सांडपाणी आणि प्लॉटचं माप या चार गोष्टी एकाच जमिनीतून निघतात. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. त्यामुळे एकूण जमीन, प्लॉटांची संख्या आणि प्लॉटचं माप एवढे तीन आकडे पत्रकात मिळाले, तरी घरबसल्या बराच उलगडा होतो.

उदाहरणाला एक जमीन घेऊ. गट आहे १ हेक्टर ६० आरचा, म्हणजे १६,००० चौरस मीटर. बोलीभाषेत ‘चार एकर’. शहराबाहेरच्या मध्यम लेआउटची जमीन साधारण एवढी असते. महाराष्ट्रात मुंबईसारखे अपवाद वगळता बहुतेक ठिकाणी २०२० साली लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली चालते. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपल्या जमिनीत ती झाली १,६०० चौरस मीटर. (जमीन आणखी मोठी असेल तर शाळा, दवाखाना अशा गोष्टींसाठी सुविधा क्षेत्रही वेगळं सोडावं लागतं. ते इथे बाजूला ठेवू.)

आता रस्ते. निवासी लेआउटच्या अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीवर ठरते. दीडशे मीटरपर्यंतचा रस्ता ९ मीटर, तीनशेपर्यंतचा १२ मीटर आणि त्यापुढे १५ मीटर. आपल्या गटात मधून जाणारा २०० मीटर लांबीचा मुख्य रस्ता आहे असं धरू. तो १२ मीटर रुंद, म्हणजे २,४०० चौरस मीटर जागा त्यात गेली. त्याला फुटणारे ९ मीटरचे आडवे रस्ते मिळून १६७ मीटर लांबीचे, म्हणजे आणखी सुमारे १,५०० चौरस मीटर. एकूण रस्ते ३,९००. सोळा हजारांतून १,६०० आणि ३,९०० वजा केले की उरतात १०,५०० चौरस मीटर. दीडशे चौरस मीटरचा एक प्लॉट धरला तर बरोबर सत्तर प्लॉट. विकता येण्याजोगी जमीन झाली सुमारे ६६ टक्के. जमिनीचा आकार वेडावाकडा असेल तर ती आणखी घटते.

आता त्याच चार एकरांचं दुसरं पत्रक हातात आलं असं समजा: ‘१,५०० चौरस फुटांचे १०० प्लॉट.’ शंभर प्लॉट म्हणजे दीड लाख चौरस फूट, मीटरमध्ये १३,९३५. उरले २,०६५ चौरस मीटर. त्यातून मोकळ्या जागेचे १,६०० काढले की रस्त्यांसाठी राहतात ४६५. एवढ्या जागेत ९ मीटरचा रस्ता जेमतेम ५१ मीटर लांब होतो. शंभर घरांना ५१ मीटर रस्ता पुरणार कसा? म्हणजे यातलं काहीतरी खोटं आहे. एकतर मोकळी जागा नाही, किंवा रस्ते गल्लीएवढे आहेत, नाहीतर प्लॉट १,५०० फुटांचा नाही. बहुतेकदा तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खोट्या असतात.

मोह कुठे असतो तेही याच हिशेबात दिसतं. मुख्य रस्ता बाराऐवजी ९ मीटरचा केला की ६०० चौरस मीटर मोकळे होतात, म्हणजे चार प्लॉट. आडवे रस्ते नवावरून ६ मीटरवर आणले की आणखी पाचशे, म्हणजे तीन प्लॉट. सात प्लॉटांची किंमत नुसत्या रस्त्याच्या कडेतून निघते. पत्रकातला ‘प्रशस्त’ हा शब्द तसाच राहतो. म्हणून पत्रकात रस्त्याची रुंदी आकड्यात दिलेली नसेल, तर ती विसरून राहिली असं समजायचं कारण नाही.

प्लॉटच्या मापात गडबड करायला एककांची मदत होते. सातबारा हेक्टर आणि आर बोलतो, मंजूर नकाशा चौरस मीटर, एजंट गुंठे आणि गिऱ्हाईक चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, किंवा १०१ चौरस मीटर आणि थोडं. इतपत सरळ आहे. पण ‘एक गुंठा प्लॉट’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्या गुंठ्यात रस्ता धरलेला आहे का, हे विचारावं लागतं. पुष्कळ ठिकाणी तो धरलेला असतो. समोरच्या रस्त्याची निम्मी रुंदी तुमच्या मापात मोजली जाते, पैसे १,०८९ फुटांचे घेतले जातात आणि कुंपण घालायला जागा मिळते आठशे-साडेआठशे फूट. ‘रोडसहित’ हा शब्द पत्रकात नसतो, तो खरेदीखताच्या मसुद्यात येतो. विचारायचा प्रश्न साधा आहे: मंजूर नकाशात या प्लॉटवर किती चौरस मीटर लिहिलंय?

क्षेत्रफळ बरोबर असूनही प्लॉट वाया जाऊ शकतो. दीडशे चौरस मीटरचे दोन प्लॉट घेऊ. पहिला १० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल, दुसरा ६ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल. बांधताना समोर ३ मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर जागा सोडायची आहे असं धरू. (प्रत्यक्षात हे अंतर रस्त्याची रुंदी आणि बांधकामाच्या प्रकारावर ठरतं. रो-हाउसला बाजूचं अंतर सुटतं.) पहिल्या प्लॉटवर ७ बाय साडेदहा मीटर, म्हणजे जवळजवळ ७९० चौरस फुटांचं जोतं बसतं. दुसऱ्यावर रुंदी उरते ३ मीटर. त्यात एकामागे एक खोल्यांची चाळ होईल, घर होणार नाही. म्हणून पत्रकात क्षेत्रफळासोबत लांबी-रुंदी छापलेली असावी. कोपऱ्यावरचे तिरके, त्रिकोणी प्लॉट तर नकाशावर बोट ठेवून बघावेत. विक्रीच्या शेवटी ‘मोजकेच शिल्लक’ असतात ते बहुधा हेच.

रस्त्याची रुंदी कुठून कुठे मोजायची, यावरही बराच गोंधळ होतो. ९ मीटर म्हणजे प्लॉटच्या कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत. त्यात गटार आलं, दिव्याचे खांब आले, पाण्याची आणि वीजवाहिनीची जागा आली. डांबर असतं मधल्या पाच-सहा मीटरवर. तेवढं असेल तर तक्रारीला जागा नाही. मात्र पत्रकातल्या चित्रात सगळे ३० फूट काळे दिसतात आणि जागेवर १० फुटांचा पट्टा असतो. तिथे गाडी समोरून आली की एकाला प्लॉटात उतरावं लागतं.

डांबराखाली काय आहे, हे त्याहून महत्त्वाचं. काळ्या मातीवर रस्ता करायचा तर आधी ती माती खणून काढावी लागते. याला साइटवर ‘बॉक्स कटिंग’ म्हणतात. मग मुरूम, त्यावर दगडाचं सोलिंग, मग खडीचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर आणि सगळ्यात वर डांबर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच खडी पसरून डांबर ओतलं, तर पहिल्या पावसाळ्यानंतर कडा खचतात आणि मधोमध लांब चीर पडते. लेआउटचे रस्ते बऱ्याचदा विक्रीच्या हंगामाआधी, मार्च-एप्रिलमध्ये, घाईने होतात. तेव्हा ते सुंदरच दिसतात. बघायचंच असेल तर रस्त्याची कड बघावी. कडेला थर उघडे दिसतात. मुरूम आणि दगड दिसला तर ठीक, डांबराखाली लगेच काळी माती दिसली तर समजून घ्यावं. आणि एक विचारावं: पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या डांबराआधी टाकल्या का? नसतील टाकल्या, तर आज दाखवला जाणारा रस्ता उद्या फुटणार आहे.

पत्रकात अंतर्गत रस्त्यांची चर्चा असते. तिथवर पोचवणाऱ्या रस्त्याचा मात्र ‘हायवे टच’ एवढाच उल्लेख असतो. हायवे आणि लेआउटच्या कमानीच्या मध्ये दुसऱ्याच्या शेतातून जाणारी दोनशे मीटरची वाट असेल, तर ती कोणत्या हक्काने वापरायची हे कागदावर हवं. नकाशातला गाडीरस्ता आहे, नोंदणीकृत वहिवाट आहे, की ‘शेजारी आपलेच आहेत’ या भरवशावर सगळं चाललंय? शेजारी बदलले की हा भरवसा संपतो.

आता पाण्याकडे वळू. पत्रकात हा विषय सगळ्यात थोडक्यात उरकलेला असतो आणि राहायला गेल्यावर सगळ्यात जास्त छळतो तोही हाच. ‘ड्रेनेज लाइन’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. एक पावसाचं पाणी, दुसरं घरातलं मैलापाणी.

पावसाचं पाणी आधी बघू. आपल्या १६,००० चौरस मीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ८०० घनमीटर पाणी झालं. शेत होतं तेव्हा यातलं बरंच जिरत होतं. आता छपरं, फरशी आणि डांबर आलं. निम्मं जरी वाहून निघालं तरी ४ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका तासात. हे पाणी जाणार कुठे? प्रत्येक जमिनीचा एक जुना उतार असतो आणि बहुतेक वेळा एखादा ओहोळही असतो. लेआउट करताना जमीन सपाट केली जाते, तेव्हा ओहोळात पाइप टाकून वर माती लोटली जाते आणि त्यावर दोन-चार प्लॉट जास्तीचे काढले जातात. पाइप पुरेसा मोठा नसला, किंवा वर्षभरात त्यात गाळ साठला, की पाणी आपली जुनी वाट धरतं. त्या वाटेवर आता कुणाचं तरी दिवाणखाना असतो.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. गावनकाशा बघावा, त्यात ओढे दाखवलेले असतात. मूळ सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ क्षेत्र किती आणि कोणत्या वर्गातलं हे बघावं. वर्ग ‘अ’ म्हणजे खडक, शेतातली इमारत वगैरे कारणांनी लागवडीला न येणारी जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, जलप्रवाह किंवा असल्या सार्वजनिक कारणासाठी राखलेली. सातबारा वर्ग ‘ब’ दाखवतो आणि लेआउटच्या नकाशात ना ओढा दिसतो ना जुनी वाट, तर ते क्षेत्र कुठे गेलं, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायलाच हवा. आणि जागा बघायला पावसाळ्यात जावं. विक्रेता दिवाळीनंतर बोलावतो, तेव्हा सगळ्याच जमिनी कोरड्या असतात.

मैलापाण्याचं गणित वेगळं. सत्तर घरं, घरटी पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर पाणी हे नियोजनात धरलं जाणारं माप. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं धरलं तर दिवसाला सुमारे ३८ हजार लिटर. शहराच्या हद्दीत महापालिकेची मलवाहिनी जवळ असेल तर ते तिला जोडता येतं. गावठाणाबाहेरच्या लेआउटला ती बहुधा नसते. तरीही पत्रक ‘ड्रेनेज लाइन’ म्हणतं, कारण लेआउटच्या आत नळ्या टाकलेल्या असतात. त्या शेवटी कुठे जातात, हे पत्रकात नसतं.

म्हणून साइटवर गेल्यावर गार्डन नंतर बघावं, आधी शेवटचा चेंबर दाखवायला सांगावं. सांडपाण्याची नळी उतारानेच वाहते. १५० ला १ हा साधारण उतार धरला तर २०० मीटर लांबीत ती सव्वा मीटरहून अधिक खाली जाते. सुरुवातीचा चेंबर ९० सेंटिमीटर खोल असेल, तर सपाट जमिनीत शेवटचा चेंबर सव्वादोन मीटरच्या आसपास खोल असायला हवा. झाकण उघडून तो गुडघ्याएवढाच निघाला, तर एकतर नळीला उतार नाही किंवा ती मध्येच संपलीय. आणि तो पुरेसा खोल असेल, तर पुढे प्रक्रिया टाकी दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पाणी सरळ ओढ्यात जातंय. ‘सर, तेवढं काम पावसाळ्यानंतर आहे’ असं उत्तर आलं, तर कोणत्या पावसाळ्यानंतर, हे लिहून घ्यावं.

‘प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र सेप्टिक टँक’ हा दुसरा पर्याय. मोठ्या प्लॉटांत तो चालतो. सेप्टिक टँकमधून निघणारं पाणी शोषखड्ड्यात मुरावं लागतं. मुरमाड जमिनीत ते मुरतं, काळ्या चिकण मातीत जवळजवळ मुरतच नाही. खड्डा भरतो आणि वास मारणारं पाणी वर येतं. त्यातून त्याच प्लॉटांवर प्रत्येकाची बोअरवेल असते. शोषखड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत निदान पंधरा मीटर अंतर असावं असं मानलं जातं. आपला प्लॉट दहा मीटर रुंदीचा. म्हणजे तुम्ही स्वतःच्या प्लॉटात कितीही सांभाळून जागा निवडली, तरी शेजाऱ्याचा शोषखड्डा तुमच्या बोअरपासून पंधरा मीटरच्या आत येऊ शकतो. स्वतंत्र सेप्टिक टँक आणि स्वतंत्र बोअर या दोन्ही गोष्टी ‘सुविधा’ म्हणून एकाच पानावर छापलेल्या दिसल्या आणि प्लॉट लहान असले, तर मी ते पत्रक तिथेच बाजूला ठेवीन.

मोकळ्या जागेबद्दल थोडक्यात. ती दहा टक्के आहे का हे हिशेबात कळतं, पण कुठे आहे हे नकाशातच दिसतं. उच्चदाब वाहिनीखालची पट्टी, ओढ्याकाठचा उतार, कुठल्याच प्लॉटात न बसलेलं टोक, अशा जागा हिरव्या रंगवून ‘गार्डन’ म्हणून दाखवल्या जातात. ही जागा सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापराची असते, विकता येत नाही. काही वर्षांनी ‘सुधारित रेखांकन’ करून तिच्यातून प्लॉट काढण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा रेरा कायद्याचं कलम १४ आठवावं. मंजूर नकाशात किंवा सामाईक जागांत बदल करायचा तर घेणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांची आगाऊ लेखी संमती लागते. काही करारनाम्यांत ‘भविष्यातील सर्व बदलांस संमती’ असं वाक्य आधीच घातलेलं असतं. सही करताना ते वाक्य खोडायला सांगावं.

हे सगळं न पाहता घेतलेल्या प्लॉटांचं पुढे काय होतं, ते नागपूरकरांना सांगायला नको. तिथल्या ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या लेआउटांत लोकांनी मंजुरी नसलेले प्लॉट घेतले, घरं बांधली आणि रस्ता, गटार, नळ यांसाठी वर्षानुवर्षं वाट बघितली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट नियमित करण्याची वाट काढली. त्यासाठी पुन्हा विकास शुल्क भरावं लागलं, म्हणजे रस्त्याचे पैसे प्लॉटधारकांच्याच खिशातून गेले. आणि जागा आधीच प्लॉटांत वाटली गेलेली असेल, तर पैसे भरूनही रस्ता रुंद होत नाही. २०२१ मध्ये कायद्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारीही त्यात घेतली गेली. ‘पुढेमागे नियमित होतंच’ हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी एवढं सहज येतं ते त्यामुळेच.

पत्रकात ‘मंजूर’ लिहिलेलं असेल तर कोणती मंजुरी, हे विचारायचं. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होते, नकाशाप्रमाणे खुणा रोवल्या जातात, रस्ते वगैरे कामं होतात आणि मग अंतिम रेखांकन मंजूर होतं. मोजणीनंतर कमी-जास्त पत्रक, लोक ज्याला कजाप म्हणतात, ते तयार होतं आणि प्रत्येक प्लॉटचा अभिलेख वेगळा होतो. ‘स्वतंत्र सातबारा’ हे आश्वासन कजाप झालेलं असेल तरच आजचं, नाहीतर उद्याचं. नुसती ‘एनए ऑर्डर’ म्हणजे लेआउटची मंजुरी नव्हे, आणि ‘आर झोन’मध्ये जमीन असणं म्हणजे तर काहीच मंजूर नसणं.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर प्लॉटचा लेआउटसुद्धा प्रकल्पच ठरतो. त्याची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही द्यावा लागतो. तो स्कॅन केला की मंजूर नकाशा, जमिनीची कागदपत्रं आणि प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख बघता येते. पत्रकातला रंगीत नकाशा आणि तिथला काळापांढरा नकाशा शेजारी ठेवून बघावेत. मंजूर नकाशाच्या कडेला क्षेत्रफळाचा तक्ता असतो. आपण वर केलेला हिशेब तिथे केलेलाच असतो.

‘चित्रे केवळ कल्पनाचित्रे आहेत’ अशी बारीक ओळ पत्रकाच्या तळाशी असते. ती वाचून पुष्कळ जण हात टेकतात. पण रेराच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. घेणाऱ्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी लागते. म्हणून पत्रक रद्दीत टाकू नये. ते मिळाल्याची तारीख टाकून फाइलला लावावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ असेल तर ती मेसेजसकट जपावी. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही टोकन देताना लक्षात असू द्यावं.

मग चांगलं माहितीपत्रक लिहायचं तरी कसं? आपल्या चार एकरांसाठी मी असं लिहीन:

‘एकूण जमीन १६,००० चौ. मी. रस्ते ३,९००, मोकळी जागा १,६००, प्लॉट ७०, एकूण १०,५०० चौ. मी. प्रत्येक प्लॉट १० × १५ मीटर, रस्ता वगळून. मुख्य रस्ता १२ मीटर, बाकी ९ मीटर, कुंपणापासून कुंपणापर्यंत. डांबरी भाग ६ मीटर. पावसाचं पाणी दोन्ही बाजूंच्या गटारांतून पूर्वेच्या ओढ्याला जातं. ओढा उघडाच ठेवला आहे. या भागात मलवाहिनी नाही. मैलापाणी दिवसाला ४०,००० लिटर क्षमतेच्या सामाईक प्रक्रिया केंद्रात जातं. ते चालवण्याचा खर्च प्लॉटधारकांच्या संस्थेने करायचा आहे. मोकळी जागा प्लॉट क्रमांक ३१ समोर, सपाट, वरून वीजवाहिनी नाही. अंतिम रेखांकन मंजूर. कजाप झालेलं नाही, अर्ज केला आहे.’

विक्रीवाले म्हणतील, एवढं लिहिल्यावर फोन कोण करेल? शिवाय १२ मीटरचा रस्ता आणि प्रक्रिया केंद्र केलेल्याचा भाव शेजारच्यापेक्षा चढाच दिसणार. पण भाव लावायचा तर आकडे एकाच मापावर आणावे लागतात. समजा, शेजारी म्हणतो गुंठा ९ लाखांना. १,०८९ फुटांनी भागलं तर फुटाला ८२६ रुपये. इथला भाव फुटाला १,००० रुपये. शेजारी स्वस्त वाटतो. पण त्याचा गुंठा रोडसहित असेल आणि कुंपणाच्या आत ८०० फूटच येत असतील, तर तोच भाव फुटाला १,१२५ रुपये पडतो. आणि त्यात सांडपाण्याची सोय धरलेली नाही, ती खरेदीनंतर करायची आहे.